तुमच्या विवरणात आलेला त्यांचा तोटा, आणि दोघांच्या सहीचा एक कागद

पत्र : यंदा आयकर विवरण भरताना आमच्या सीएंनी माझ्या विवरणात १,०५,००० रुपयांचा तोटा दाखवला. मी शिक्षिका आहे, आयुष्यात एक शेअर घेतलेला नाही. विचारल्यावर कळले की यजमानांनी वर्षभरात ऑप्शन ट्रेडिंगमध्ये २,१०,००० रुपये घालवले आणि त्यातला निम्मा तोटा माझ्या नावावर आला. त्यांचा पगार ५८,००० आणि माझा ३६,००० आहे. घराचा हप्ता, मुलाची दहावी, सासूबाईंची औषधे असे सगळे जाऊन महिन्याला कसेबसे १५,००० उरतात. ते ट्रेडिंग पूर्ण सोडायला तयार नाहीत, पण म्हणतात, ‘तू सांगशील ती मर्यादा मी लिहून देतो.’ असा कागद करावा का, आणि त्यात काय लिहावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कागद जरूर करा. मात्र ‘तू सांगशील ती मर्यादा’ या शब्दांवर तो करू नका. मर्यादा एकाने सांगायची आणि दुसऱ्याने पाळायची असे ठरले की सांगणारा पहारेकरी होतो आणि पाळणारा पळवाटा शोधू लागतो. मी बरीच वर्षे करसल्ल्याचे काम केले आहे, आणि नवरा-बायकोतले असे कागद मोडलेले मी पाहिले ते बहुतेक याच कारणाने. आकडा दोघांनी मिळून काढावा, आणि तो कसा काढला हेही कागदावर लिहावे.

आधी तुमच्या विवरणातल्या त्या रकमेविषयी. सीएंची यात चूक नाही. विवाहपूर्व करार न करता गोव्यात लग्न झालेल्या, पोर्तुगीज नागरी संहिता लागू असलेल्या जोडप्यांची मालमत्ता दोघांची सामाईक मानली जाते. आयकर कायदाही हे मान्य करतो. १९६१ च्या कायद्यातील कलम ५-अ नुसार पगार वगळता घरभाडे, व्यवसाय, भांडवली नफा, व्याज असे इतर उत्पन्न पती-पत्नीत निम्मे निम्मे वाटून दोघांच्या विवरणात दाखवावे लागते. ऑप्शनमधला नफा-तोटा करासाठी व्यवसायाचे उत्पन्न समजला जातो, म्हणून त्यातला निम्मा तुमच्याकडे आला. हा तोटा पगारातून वजा होत नाही. त्याच वर्षीच्या मुदतठेवीच्या व्याजासारख्या उत्पन्नातून तो वजा करता येतो, आणि विवरण मुदतीत भरलेले असेल तर उरलेली रक्कम पुढची ८ वर्षे व्यवसायाच्या उत्पन्नासमोर ओढता येते. यापुढे तुम्हाला साधा ‘सहज’ फॉर्मही भरता येणार नाही.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की इतर राज्यांत एखादी पत्नी ‘त्यांचा तोटा, त्यांनी बघावा’ असे निदान म्हणू शकते. गोव्यात तो तोटा पहिल्या रुपयापासून दोघांचा असतो, त्यामुळे हिशेब पाहण्याचा तुमचा हक्क कोणी मेहेरबानी म्हणून द्यायचा नाही. पण या कागदाने काय होत नाही, तेही समजून घ्या. विवाहपूर्व करार लग्नाआधीच करावा लागतो. लग्नानंतर घरी लिहिलेल्या कागदाने मालमत्तेची ही सामाईक व्यवस्था बदलत नाही, आणि ब्रोकर किंवा बँक यांनाही तो कागद बंधनकारक नसतो. म्हणून मुद्रांक आणि नोटरी यांच्या मागे लागू नका. साध्या कागदाच्या दोन प्रती, दोघांच्या सह्या आणि तारीख एवढे पुरेसे आहे. हा कागद कोर्टाच्या कामाचा नाही. तोटा झालेल्या संध्याकाळी, डोके तापलेले असताना, कोणताही निर्णय नव्याने घ्यावा लागू नये एवढ्यासाठी तो आहे.

पहिली ओळ लिहिण्यापूर्वी मागचा हिशेब पुरा व्हायला हवा. यजमानांच्या सर्व ब्रोकरकडची खातेवही आणि त्यांच्या प्रत्येक बँक खात्याचे गेल्या दीड वर्षाचे विवरण एकत्र मांडून बसा. शेअर जमा असतात त्या डिपॉझिटरीकडून येणारे एकत्रित विवरण उपयोगी असते, कारण एका पॅनवरची सगळी डिमॅट खाती त्यात दिसतात. मात्र त्यात हातात असलेले शेअर आणि फंड दिसतात, ऑप्शनचे सौदे दिसत नाहीत. ऑप्शनचा माग पैशाच्या वाटेनेच लागतो, म्हणजे बँकेतून ब्रोकरकडे किती गेले आणि किती परत आले यावरून. क्रेडिट कार्ड, सोनेतारण, मोबाइल ॲपवरचे कर्ज किंवा मित्राची उसनवारी यांतले काही निघाले तर ते फिटेपर्यंत ट्रेडिंगचे बजेट शून्य धरा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. तसे काही नसेल, तरच पुढे जा.

बजेट म्हणजे जी रक्कम सगळीच्या सगळी गेली तरी घरातली एकही ठरलेली गोष्ट थांबणार नाही ती. ‘परवडेल तेवढे’ असे लिहू नका. परवडणे मनाच्या कौलावर बदलते. तुमच्याकडे महिन्याला १५,००० उरतात. त्यातून मुलाच्या अकरावीची तरतूद, चवथीचा खर्च आणि अडीअडचण बाजूला काढल्यावर महिन्याला ५,००० मोकळे राहतात असे धरू. वर्षाचे होतात ६०,०००. हे माझे गृहीत आहे, तुमचा आकडा तुम्ही काढा. पुढचा हिशेब मी याच रकमेवर करते. ही रक्कम यजमानांच्या एका स्वतंत्र बचत खात्यात ठेवावी आणि ट्रेडिंग खात्याला तेवढेच खाते जोडलेले असावे. पगाराचे खाते तिथून काढून टाकावे, कारण यूपीआयने दोन मिनिटांत पैसे भरता येतात आणि वाईट दिवशी ती दोन मिनिटेच घात करतात. ब्रोकरकडे पडून राहिलेली रक्कम तिमाहीला किंवा महिन्याला बँकेत परत पाठवण्याचा पर्याय ग्राहकाला असतो. तुम्ही महिन्याचा निवडा.

बजेट फुगते ते बहुधा दुसऱ्याच दाराने. आधीचे शेअर किंवा म्युच्युअल फंड तारण ठेवून त्यावर मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी लागणारी अनामत, मिळते, आणि ब्रोकरच्या उसन्या पैशावर शेअर घेण्याची सोयही असते. या दोन्हींत बँकेतून एक रुपया हलत नाही आणि जोखीम मात्र कित्येक पट होते. म्हणून बजेटच्या कलमात हे वाक्य जसेच्या तसे असावे: ‘या रकमेखेरीज कोणतेही तारण, मार्जिन, कर्ज, क्रेडिट कार्ड अथवा दुसऱ्याचे पैसे ट्रेडिंगसाठी वापरले जाणार नाहीत, वर्षाच्या आत ही रक्कम संपली तर ती पुन्हा भरली जाणार नाही, आणि या कागदावर नाव नसलेले कोणतेही ट्रेडिंग अथवा क्रिप्टो खाते वापरले जाणार नाही.’ तुमची एसआयपी चालू असेल तर ती यातून वेगळी ठेवा. दीर्घ मुदतीची गुंतवणूक आणि ट्रेडिंग एका हिशेबात मिसळले की तोट्यात गेलेला प्रत्येक सौदा एका रात्रीत ‘दीर्घ मुदतीचा’ होऊन बसतो.

आता महिन्याची तोट्याची मर्यादा. कागद फसतो तो बहुतेक इथेच, कारण सगळे आकडा लिहितात आणि तोटा म्हणजे काय ते कोणी लिहीत नाही. यजमान उद्या म्हणतील, ‘विकलेच नाही, मग तोटा कुठला?’ असे म्हणणे लबाडीच असते असे नाही. अनेकांना मनापासून तसेच वाटते. त्यामुळे व्याख्या सूत्रानेच करा: महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक त्या महिन्यात भरलेली रक्कम, उणे काढलेली रक्कम, उणे आजची शिल्लक. आजच्या शिलकीत हातात असलेल्या शेअरांची आणि खुल्या सौद्यांची त्या दिवशीची बाजारकिंमत धरायची. दलाली, रोखे व्यवहार कर, जीएसटी, मुद्रांक शुल्क हे सगळे आपोआप त्यात येते, कारण तेवढी रक्कम शिलकीतून आधीच गेलेली असते.

६०,००० च्या बजेटला महिन्याची मर्यादा ६,००० ठेवावी असे मी सुचवते. दहावा हिस्सा ठेवला म्हणजे ओळीने तीन महिने वाईट गेले तरी ४२,००० हातात राहतात आणि आढाव्याच्या दिवशी बोलण्यासारखे काही शिल्लक असते. या मर्यादेत ऑप्शन बसतात का, याचा हिशेब यजमानांनाच कागदावर करू द्या. समजा निफ्टीच्या एका लॉटमध्ये, म्हणजे एका वेळी घ्याव्याच लागणाऱ्या गठ्ठ्यात, ६५ युनिटे आहेत आणि ऑप्शनचा भाव १२० रुपये आहे. एका लॉटला ७,८०० रुपये लागले. घेतलेल्या ऑप्शनमध्ये त्यासाठी दिलेली सगळी किंमत जाऊ शकते, म्हणजे पहिल्याच सौद्याची शक्य तेवढी हानी महिन्याच्या मर्यादेपेक्षा मोठी झाली. मर्यादेत बसवायचे म्हणून ३० किंवा ४० रुपयांचा ऑप्शन घ्यावा, तर तो निर्देशांकाच्या सध्याच्या पातळीपासून दूरचा किंवा मुदत संपत आलेला असतो, आणि असे ऑप्शन बहुतेक वेळा शून्यावर संपतात. मर्यादा लहान आणि साधन मोठे असले की माणूस नकळत सर्वांत वाईट सौद्याकडे ढकलला जातो, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

ऑप्शन विकण्याबाबत तर मर्यादेला अर्थच उरत नाही, कारण तिथे तोट्याला तळ नसतो. ठरलेल्या भावाला सौदा आपोआप बंद व्हावा म्हणून ‘स्टॉपलॉस लावतो ना’ हे उत्तरही पुरत नाही. ७ एप्रिल २०२५ रोजी सोमवारी निफ्टी उघडतानाच आदल्या बंद भावाच्या सुमारे ५ टक्के खाली होता. ज्यांचे सौदे शुक्रवारपासून खुले होते त्यांना आपल्या स्टॉपलॉसच्या भावाला बाहेर पडण्याची संधीच मिळाली नाही. म्हणून माझे मत असे की पहिल्या तीन महिन्यांपुरता तरी फक्त डिलिव्हरीचा व्यवहार असावा, म्हणजे पैसे देऊन शेअर घ्यायचे आणि विकायचे. फ्युचर्स आणि ऑप्शनचा, म्हणजे एफ अँड ओ, विभाग यजमानांनी स्वतः ब्रोकरकडे बंद करून घ्यावा. हे ऐकून त्यांना अपमान वाटेल. त्यांना एवढेच सांगा की सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि खर्च धरून प्रत्येकी सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपयांचा होता. त्यांचा एका वर्षाचा आकडा त्याच्या अगदी जवळ आहे. जे बहुतेक सगळ्यांचे झाले तेच त्यांचेही झाले, त्यासाठी त्यांच्या बुद्धीला नावे ठेवण्याचे कारण नाही.

डिलिव्हरीत ही मर्यादा कशी चालते ते एका महिन्यावर पाहू. १ तारखेला ६०,००० आहेत. यजमानांनी दोन कंपन्यांचे प्रत्येकी २०,००० चे शेअर घेतले आणि २०,००० रोख ठेवले. तिसऱ्या एका छोट्या सौद्यात ५०० गेले आणि एकूण खर्च २४० झाला, तेव्हा रोख उरली १९,२६०. १९ तारखेला पहिल्या शेअरांची किंमत १६,५०० आणि दुसऱ्यांची १८,२०० आहे. शिल्लक झाली ५३,९६०, आणि सूत्राप्रमाणे तोटा ६,०४०. यजमानांच्या मनातला तोटा ७४० चाच आहे, कारण दोन्ही शेअर अजून हातात आहेत. पण मर्यादा ओलांडली गेली. आता पुढे काय करायचे हे त्या संध्याकाळी ठरवायचे नसते, ते आधीच लिहिलेले असते: ‘मर्यादा ओलांडल्याचे कळताच त्याच दिवशी जोडीदाराला सांगायचे, पुढच्या कामकाजाच्या दिवशी खुले सौदे बंद करायचे, रोख स्वतंत्र बचत खात्यात परत घ्यायची आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत एकही ऑर्डर टाकायची नाही. मर्यादेच्या वर गेलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या मर्यादेतून वजा होईल.’ म्हणजे पुढच्या महिन्याची मर्यादा ५,९६० राहील. ४० रुपयांसाठी एवढी काटेकोरी कशाला असे वाटेल, पण पुढे एखाद्या महिन्यात ती रक्कम ४,००० असेल तेव्हा हा नियम नव्याने मागावा लागणार नाही.

तोट्यानंतर ‘कव्हर करतो’ म्हणून दुप्पट रकमेने टाकलेला सौदा हाच सर्वांत महाग पडतो. म्हणून त्या दिवसांत ॲप हाताशी नसणे महत्त्वाचे आहे. सेबीच्या जानेवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार ग्राहक स्वतः विनंती करून आपल्या ट्रेडिंग खात्याचा ऑनलाइन वापर थांबवू शकतो आणि ब्रोकरने ती सोय द्यावी लागते. खुले सौदे बंद झाले की ती वापरायची. त्यांना ते खाते पुन्हा चालू करून घेता येईलच, पण त्यासाठी मुद्दाम खटपट करावी लागते, आणि मधल्या वेळेत डोके थंड होते. नफ्याच्या महिन्यासाठीही एक ओळ हवी: ६०,००० वर गेलेली रक्कम महिनाअखेर घरखात्यात येईल आणि नफ्यामुळे तोट्याची मर्यादा वाढणार नाही.

तुमच्या बाजूनेही काही लिहून द्यावे लागेल. रोज ‘आज काय झाले’ असे विचारणार नाही, नातेवाइकांसमोर किंवा मुलासमोर हा विषय काढणार नाही, आणि मर्यादा ओलांडल्याचे त्यांनी आपण होऊन सांगितले तर त्या दिवशी भांडणार नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे आणि कागद टिकण्याला तेच सर्वांत जास्त उपयोगी पडते. म्हापशाच्या एका कुटुंबाचे काम माझ्याकडे होते. तिथे नवऱ्याने पहिल्या महिन्यात मर्यादा ओलांडल्याचे प्रामाणिकपणे सांगितले आणि त्या रात्री घरात एवढे रामायण झाले की पुढच्या वेळी त्याने दुसऱ्या ब्रोकरकडे खाते उघडले. ते कळायला आठ महिने गेले. त्यांच्या ॲपचा पासवर्डही मागू नका. तुम्हाला पाहायची आहे ती ब्रोकरची मासिक खातेवही आणि त्या स्वतंत्र बँक खात्याचे विवरण. ही दोन्ही पीडीएफ महिन्याच्या ५ तारखेपर्यंत त्यांनी तुम्हाला पाठवायची.

राहिली आढाव्याची तारीख. करार १ तारखेला सुरू झाला तर तीन महिने पूर्ण झाल्यानंतरचा दुसरा रविवार घ्या, कारण तोवर सगळी विवरणे आलेली असतात आणि बाजार बंद असतो. ती चवथीच्या धामधुमीत येत असेल तर आत्ताच दुसरी नेमकी तारीख लिहा, ‘नंतर बघू’ म्हणू नका. त्या तारखेच्या कलमात दोन गोष्टी हव्यात. एक, बजेट किंवा मर्यादा वाढवण्याची मागणी फक्त आढाव्याच्या दिवशीच करता येईल. कमी करण्याची मागणी मात्र दोघांपैकी कोणीही केव्हाही केली तर ती त्याच दिवसापासून लागू होईल. दुसरी अधिक महत्त्वाची: ‘आढाव्याच्या दिवशी दोघांनी नव्याने सही केली नाही, तर करार संपला आणि ट्रेडिंग थांबले असे समजले जाईल.’ हे वाक्य नसेल तर आढावा पुढे ढकलला जातो आणि जुनीच व्यवस्था चालू राहते. वाक्य असेल तर आढावा घेण्याची निकड यजमानांना वाटेल, तुम्हाला मागे लागावे लागणार नाही.

त्या रविवारी तीनच आकडे पुढे घ्या: तीन महिन्यांत सूत्राप्रमाणे झालेला निव्वळ नफा किंवा तोटा, त्यातला दलाली आणि करांचा वाटा, आणि मर्यादा किती वेळा ओलांडली ते. तोटा झाला पण नियम एकदाही मोडला नाही, तर त्याच मर्यादेत पुढचे तीन महिने द्यायला हरकत नाही. नफा झाला पण नियम मोडून झाला, तर बजेट कमी करा. हे ऐकायला उलटे वाटेल, पण नियम मोडून मिळालेला नफा पुढच्या मोठ्या तोट्याची सवय लावून जातो. ऑप्शनचा विषय पुन्हा काढायचा तर सलग दोन आढावे स्वच्छ गेल्यावर, आणि तोही लॉटचा वरचा हिशेब नव्या आकड्यांनी मांडून.

जुना हिशेब दाखवायलाच ते तयार झाले नाहीत, किंवा सही केल्यावर लपवलेले कर्ज निघाले, तर हा प्रश्न बजेटचा राहिला नाही असे समजा. रात्री झोप नसणे, पैशांबाबत वारंवार खोटे बोलणे, थांबायचे ठरवून न थांबता येणे ही लक्षणे दिसली तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दोघे मिळून जा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर आधी बोला. आणि कोणत्याही कर्जाच्या किंवा घर गहाण ठेवण्याच्या कागदावर तुमची सही मागितली, तर ती तिथल्या तिथे करू नका. आपल्याकडे स्थावर मालमत्ता विकायला किंवा गहाण ठेवायला जोडीदाराची संमती लागते. ती सही तुमच्या हातात आहे, तो कागद आधी वकिलाला दाखवा.

तसे काही नसेल तर येत्या रविवारी सकाळी गेल्या दीड वर्षाची विवरणे छापून घेऊन बसा आणि पहिली बैठक फक्त मागच्या हिशेबाची करा. सह्या पुढच्या रविवारी.